एफडी दुप्पट झाली, पण खरेदी किती वाढली?

"मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. ७ टक्क्यांची एफडी १० वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला सरळ १० टक्के! महागाई फार तर ५ टक्के धरा, तरी निव्वळ फायदा. टॅक्सचं टेन्शन नको, बँक १० टक्के कापून घेते, विषय संपला. पूर्वी ९ टक्के मिळायचे तेव्हा तर सोन्याचे दिवस होते. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

दादरपासून दहिसरपर्यंत बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपवर हे कधी ना कधी येऊन गेलंय. यातला दुप्पट होण्याचा हिशेब खरा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ७ टक्के दर आणि दर तिमाहीला चक्रवाढ असेल तर ४० तिमाहींत १ रुपयाचे २ रुपये होतात. पण म्हणून दर १० टक्के होत नाही. एकूण वाढीला सरळ वर्षांनी भागलं की व्याजावर मिळालेलं व्याजही मूळ रकमेवरच मिळाल्यासारखं दिसतं, आणि आकडा फुगतो. वर्षाचा खरा दर ७.१९ टक्के. महागाईसुद्धा चक्रवाढीनेच चढते, त्यामुळे ५ टक्क्यांशेजारी ठेवायचा आकडा ७.१९ हाच.

पावतीवर छापलेला असतो तो नाममात्र दर. त्या पैशांत वर्षानंतर किती जास्त सामान येईल, हे सांगतो तो वास्तव दर. ढोबळमानाने वजाबाकी चालते. नीट करायचं तर भागाकार करावा. १.०७१८६ भागिले १.०५ केलं की १.०२०८ येतात, म्हणजे वास्तव दर २.०८ टक्के. कर लागत नसेल तर ५ टक्के महागाईत एवढं खरोखर मिळतं. लाखभर रुपयांवर वर्षाला दोन हजार. फार नाही, पण नुकसानही नाही.

खरी गोम कराची आहे. बँक कापते तो टीडीएस म्हणजे आगाऊ घेतलेला हप्ता. खरा कर तुमच्या स्लॅबने लागतो आणि उरलेला रिटर्न भरताना द्यावा लागतो. समजा, मालाडला राहणाऱ्या, वर्षाला १८ लाख पगार असलेल्या माणसाने ५ लाखांची १० वर्षांची पावती केली. नव्या करप्रणालीत त्याचा वरचा स्लॅब २० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, मिळून २०.८ टक्के. व्याज दर तिमाहीला हातात न घेता साठवलं तरी सुटका नाही; बँक ते वर्षाच्या वर्षाला जमा दाखवते आणि साधारणपणे त्या त्या वर्षीच कर भरायचा असतो. हा करही याच पैशातून गेला असं धरू. मग ७.१९ चे उरतात ५.६९, आणि १० वर्षांनी हातात येतात सुमारे ८.७० लाख. मेसेजातले १० लाख कुठेच दिसत नाहीत.

आता बाजार बघा. आज ५ लाखांना येणारं सामान ५ टक्के महागाईने तोवर ८.१४ लाखांना झालेलं असेल. वर उरले साधारण ५५ हजार, आणि तेही दहा वर्षांनंतरचे रुपये. आजच्या भावात ३४ हजार. ५ लाख दहा वर्षं अडकवून मिळालेली खरी कमाई एवढीच, वर्षाला पाऊण टक्क्याहून कमी. हाच माणूस ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असता तर हातात ८.१० लाख आले असते, म्हणजे तेच सामान घ्यायला ४ हजार कमीच पडले असते.

असं का होतं? कर पूर्ण ७.१९ टक्क्यांवर लागतो. त्यातले ५ टक्के ही कमाई नव्हतीच, ती महागाईने पाडलेल्या भोकाची डागडुजी होती. आयकर कायदा एफडीच्या व्याजात हा फरक करत नाही.

'सोन्याचे दिवस' याच कसोटीवर पडतात. २०१२-१३ मध्ये मोठ्या बँका साडेआठ-नऊ टक्के देत होत्या हे खरं, पण ग्राहक किंमत निर्देशांकावरची महागाई तेव्हा १० टक्क्यांच्या आसपास होती. करापूर्वीच तोटा! व्याज आणि महागाई यांतलं अंतर तेच राहिलं, तरी दोन्ही आकडे जितके मोठे तितका कराचा घास मोठा. व्याज ५ आणि महागाई ३ असेल तर २०.८ टक्के कर जाऊन ३.९६ उरतात, जवळपास एक टक्का फायदा. व्याज १० आणि महागाई ८ असेल तर उरतात ७.९२, म्हणजे किंचित तोटाच. दहा टक्क्यांची पावती बघून आजोबा खूश व्हायचे, आणि हिशेब मात्र पाच टक्केवाल्याचा बरा होता.

मुद्दल कमी होत नाही म्हणता? जो निवृत्त माणूस दर तिमाहीला व्याज काढून घरखर्च चालवतो, त्याला विचारा. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार येतात आणि दहाव्या वर्षीही ३५ हजारच येतात. ५ टक्के महागाईत त्या ३५ हजारांत तेव्हा येईल आजचं साडेएकवीस हजारांचं सामान. पावतीवरचे ५ लाख जागचे हललेले नसतात, पण त्यांची किंमत आजच्या भावात ३.०७ लाख उरलेली असते.

महागाई खरंच ५ टक्के असते का, यावर दोन्ही बाजूंनी भांडण होतं. मुंबईतल्या रिक्षाचं किमान भाडं ऑक्टोबर २०१२ मध्ये १५ रुपये झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६. वर्षाला साधारण साडेचार टक्के झाले. त्याच शहरात बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये ८ वरून ५ वर आलं आणि मे २०२५ मध्ये एकदम १० झालं. एका वस्तूवरून महागाई ठरत नाही ती यासाठीच. मुलांची फी, मेंटेनन्स आणि औषधं यांत ज्याचा पगार जातो, त्याची स्वतःची महागाई सरकारी आकड्याहून वेगळी असणारच.

"एफडी म्हणजे कायम तोटा" हा उलटा मेसेजही मला तितकाच खटकतो. २०२१ मध्ये वर्षाच्या ठेवीला मोठ्या बँकांत ५ टक्क्यांच्या आसपास मिळत होते, आणि २०२२-२३ ची सरासरी महागाई ६.७ टक्के निघाली. तेव्हा तोटा झालाच. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये वार्षिक महागाई ०.२५ टक्क्यांवर आली होती. त्या काळात जुनी ७ टक्क्यांची पावती असलेल्याची खरी चंगळ झाली, आणि ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. शिवाय २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला अशा व्याजावर कर पडत नाही. बऱ्याच पेन्शनरांना त्यामुळे वरचे २.०८ टक्के पूर्ण मिळू शकतात.

म्हणून पावती नव्याने करताना काउंटरवर तिमाही चक्रवाढ धरून वर्षाचा दर विचारा. ६.२५ ची पावती असेल तर तो ६.४० निघतो. वरचा स्लॅब २० चा असेल तर त्याला ०.७९२ ने गुणा, ३० चा असेल तर ०.६८८ ने. पहिल्याचे उरतात ५.०७, दुसऱ्याचे ४.४०. त्याखाली आपल्या घरखर्चाची वाढ लिहा आणि वजा करा.