आधी हॉल बुक करा, स्वभाव नंतर बघू

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनं एक चांगलं, म्हणजे सगळ्यांच्या मते चांगलं, स्थळ नाकारलं. तेव्हापासून माझा फोन शांत नाही. दुसऱ्यांदा भेटायचं तर घराबाहेर भेटा, हे मी सुचवलं होतं, म्हणून सगळं खापर मावशीच्या डोक्यावर. फोन करणाऱ्या प्रत्येकानं मला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून इथे मांडून ठेवते. ज्यांच्या घरी लग्नाचं मूल आहे त्यांनी लाभ घ्यावा.

तर, समोरच्याला राग किती येतो हे जाणून घ्यायची उत्तम जागा म्हणजे आपला दिवाणखाना. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसलेली, हातात पोह्यांची बशी, अंगात नुकताच इस्त्री केलेला शर्ट. अशा वेळी काकांनी खाकरून विचारावं, "राग वगैरे येतो का हो?" मुलगा खाली बघून म्हणतो, "तसा शांतच आहे मी." मुलाची आई म्हणते, "आला तरी दोन मिनिटांत जातो." झालं. परीक्षा संपली. तिथे त्याला चिडायला निमित्तच नव्हतं, समोर 'नाही' म्हणणारं कोणी नव्हतं, असल्या शंका काढू नयेत.

प्रश्न नेहमी 'समजा'नं सुरू करावा. "समजा आपले मतभेद झाले, तर तुम्ही काय कराल?" याला जगात एकच उत्तर आहे, "बसून, बोलून सोडवू." सगळे पास. चुकूनही असं विचारू नका, "शेवटचं कधी कुणाशी वाजलं? कशावरून? आणि मग दुसऱ्या दिवशी काय झालं?" कारण मग त्या माणसाला खरोखर घडलेलं काहीतरी सांगावं लागतं. सांगताना कळतं की त्याच्या गोष्टीत साहेब मूर्ख असतो, रूममेट मूर्ख असतो, वहिनी तर असतेच असते, आणि हा एकटा प्रत्येक वेळी बरोबर असतो. एवढं कळलं तर स्थळ हातचं जाईल.

बायोडेटावर 'स्वभाव : मनमिळाऊ' असं छापलेलं असेल तर पुढची चौकशी करणं हा अपमान समजावा.

घराबाहेर भेटू देऊ नका. आणि हॉटेलात तर नाहीच नाही. ते का, ते सांगते.

ही दोघं एका साध्या उडपी हॉटेलात भेटली. संध्याकाळची गर्दी. यानं फिल्टर कॉफी सांगितली होती, टेबलावर आला चहा. आणणारा पोरगा असेल सतरा-अठराचा. आता इथे माणूस चिडू शकतो. "अरे, कॉफी सांगितली होती, बदलून दे," हे वैतागूनही म्हणता येतं. यानं चुटकी वाजवून त्याला परत बोलावलं आणि आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कान आहेत का? मराठी कळत नाही का? कुठून कुठून येतात रे तुम्ही?" पोरगा सॉरी म्हणून कप उचलायला लागला, तरी याचं चालूच. "जा, मालकाला बोलाव." मालक गल्ल्यावरून उठून आले. पन्नाशीचे, जाडजूड, गळ्यात साखळी. आणि याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "काही नाही हो साहेब, छोटंसंच आहे, मुलं नवीन असतात, चालायचंच."

भाचीनं मला हे सांगितलं तेव्हा ती आवाजाबद्दल बोललीच नाही. ती म्हणाली, "मावशी, त्याला राग आवरता येत नाही असं नाहीये गं. मालक आल्यावर एका सेकंदात आवरला की त्यानं." यावर मी काय बोलणार? ज्याला राग खरंच आवरत नाही, तो मालकावरही ओरडतो आणि मग मार खातो. जो खालच्यावर ओरडतो आणि वरच्यापुढे हसतो, त्याला राग कुठे काढायचा हे पक्कं माहीत असतं. लग्नानंतर घरात खालच्या पायरीवर कोण असणार आहे, हे नात्यातल्या बायकांनी मला विचारू नये. त्यांना ठाऊक आहे.

कॉफी आली, प्यायली. मग तो म्हणाला, इथून पिक्चरला जाऊ. ही म्हणाली, "आज नको, सातला निघते, घरी सांगितलंय." एवढंच. त्याच्यावर टीका नाही, नापसंती नाही, एक साधं 'नको'. तो म्हणाला, "ठीक आहे, तुझी मर्जी," आणि फोन काढून बघत बसला. हिनं दोनदा विषय काढला. "हं." "बरोबर आहे." बिल येईपर्यंत तेवढंच. पार्किंगमध्ये तिच्याकडे न बघता निघून गेला. रात्री मेसेज : 'इतकी सीरियस का होतेस? मस्करी करत होतो.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन माझ्या बहिणीला, "तुमची मुलगी जरा हट्टी वाटते हो."

मोजून बघा. पिक्चरला नाही म्हटल्याबद्दल अबोला, मग अबोल्याचा दोष तिच्यावर, आणि मग तक्रार थेट तिच्या आईकडे. त्या दोघांमध्ये काय झालं ते त्या दोघांमध्ये एकदाही बोललं गेलं नाही. 'बसून, बोलून सोडवू' म्हणणारा हाच.

पण नात्यात याची बातमी काय झाली? "एका कॉफीवरून स्थळ सोडलं!"

आता पुढचा सल्ला. जो मुलगा तोंडावर नाराजी बोलून दाखवेल, तो उर्मट समजून ताबडतोब काट मारावी. हे आमच्याकडे दिवाळीच्या आधी झालंय. त्या मुलाला हिनं भेटायची वेळ दिली आणि लोकलच्या गोंधळात हिला पाऊण तास उशीर झाला. फोन करायचं राहून गेलं. तो म्हणाला, "मी वैतागलोय. उशीर होतो, कळतं, पण एक फोन करायला हवा होता." ही म्हणाली, हो, चुकलंच. तो म्हणाला, "बरं. भूक लागली असेल, काय खाणार?" आणि तो विषय तिथेच संपला. नंतरही टोमणा नाही, निघताना 'पुढच्या वेळी घड्याळ घालून ये' नाही, आईकरवी निरोप नाही. त्यानं तिच्या एका कृतीवर तक्रार केली. 'तू अशीच आहेस', 'तुला दुसऱ्यांची किंमतच नाही' असं तिच्यावर काही चिकटवलं नाही. आमच्या भाऊजींनी ते ऐकून निकाल दिला, "पहिल्याच भेटीत सुनावतो म्हणजे काय! पुढे काय करेल?" पुढे तो हेच करेल हो भाऊजी. वैतागेल, सांगेल आणि जेवायला बसेल. ते स्थळ तुम्ही घालवलंत.

परदेशात काही लोकांना इतकी साधी युक्ती सुचली नाही, बिचारे. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन हे मानसशास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून जोडप्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी नुसतं 'तुम्ही भांडता का' एवढं विचारून भागवलं नाही. जोडप्याला समोरासमोर बसवून, दोघांत खरोखर चालू असलेल्या एखाद्या वादावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं, कॅमेरा लावला, हृदयाचे ठोके मोजले. गॉटमन यांनी त्यातून चार वाईट खुणा सांगितल्या : माणसाच्या स्वभावावरच घाव घालणारी टीका, तुच्छतेनं बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यातली तुच्छता सगळ्यात घातक, मग ती टोमण्यातली असो की डोळे फिरवण्यातली. राग येणं या यादीत नाही, हे नीट बघा. पण आपल्याकडे दिवाणखान्यातल्या काकांना हे एका प्रश्नात कळतं, तर पंधरा मिनिटं कशाला वाया घालवा?

मुलींच्या बाबतीतही हेच सगळे नियम लागू, फक्त तिथे हॉटेलातल्या पोराच्या जागी रिक्षावाला असतो.

आणि हो, मुद्दाम भांडण उकरून परीक्षा घ्यायची कल्पना मात्र कुणी काढू नका. हे मी उपरोधानं म्हणत नाहीये. मुद्दाम तासभर उशिरा जाणं, मुद्दाम खोटं बोलून बघणं, यातून समोरच्याचा स्वभाव कळत नाही, आपला कळतो. आणि एका प्रसंगावरून माणूस ठरतही नाही. उपाशी असतो, दिवस वाईट गेलेला असतो. भाचीनं त्या चहावाल्या प्रसंगावर नकार दिला नाही. तेव्हा ती थांबली. चहानंतर तो त्या पोराला एक शब्द बरा बोलला असता, तिच्याकडे वळून 'जरा जास्तच बोललो' म्हणाला असता, तर ती तिसऱ्यांदाही भेटली असती. तिनं चिडणं बघितलं नाही, चिडल्यानंतरचा अर्धा तास बघितला. एखादा रागानं गाडी वेडीवाकडी हाणतो, फोन हिसकावतो, वस्तू आपटतो, तिथे मात्र दुसऱ्या संधीची वाट बघायची नसते, पहिल्यांदाच उतरायचं.

यासाठी काही मोठं लागत नाही. चार भेटी लागतात, आणि त्या घराबाहेर लागतात. एकदा रस्ता चुकू दे. एकदा गर्दीच्या गाडीतून प्रवास होऊ दे. एकदा तिला त्याच्या मताला नाही म्हणू दे, कुठे जेवायचं इतक्या फालतू गोष्टीवर. एकदा त्याला त्याच्या आईशी फोनवर बोलताना ऐकू दे, ती काहीतरी त्याच्या मनाविरुद्ध सांगत असताना. हे सगळं दोन महिन्यांत आपोआप घडतं. पण तुम्ही दोन महिने देत नाही! पहिल्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी 'काय ठरलं' म्हणून फोन. दुसऱ्या भेटीनंतर 'लोक काय म्हणतील'. मुहूर्त डिसेंबरचे संपतात, हॉल मिळत नाहीत, केटररला ऍडव्हान्स द्यायचाय. हॉलच्या तारखेसाठी मुलीनं माणूस ओळखायची घाई करायची?

आणि मग लग्नानंतर वर्षभरात तीच मुलगी माहेरी येऊन सांगते की तो आठ-आठ दिवस बोलत नाही, तेव्हा तुम्हीच म्हणता, "आधी कळलं नाही का गं?" कसं कळणार? कळू दिलंत कधी? जी मुलगी आधी कळवून घेते तिला हट्टी म्हणता, आणि जिला नंतर कळतं तिला समजूतदारपणे राहा म्हणता. लाज वाटू द्या जरा.

भाचीला फोन करून समजावायचं थांबवा. तिनं नकार विचार करून दिलाय. त्या दिवाळीच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे, आणि भाऊजींना न विचारता मी तो तिला दिलाय.