साईज विचारली तर राग कशाला?

आज सकाळी दुकान उघडतोय तोवर व्हॉट्सॲपवर मेसेज, "दादा ती परवाची चप्पल पाठवा, दोन. लवकर पाहिजे." बस्स. परवा मी स्टेटसला कोल्हापुरी चपलांचे सात-आठ फोटो टाकलेले, त्यातली कुठली?

मी एकाच मेसेजमध्ये लिहिलं, "ताई, फोटोवर बोट ठेवून कुठली ते सांगा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड काढा, टाच ते अंगठा सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन जोड एकाच मापाचे की वेगवेगळे? रंग तेलाचा की चेरी? पत्ता गाव, तालुका, पिनकोडसकट द्या." त्यावर उत्तर आलं, "विकायचंय की चौकशी करायचीय?"

डोकंच फिरलं बघा.

आमच्याकडं निपाणीत गडहिंग्लजकडचे एक मामा जुने गिऱ्हाईक. फोनवर म्हणाले नऊ नंबर, दोन जोड. नऊ हा त्यांच्या बुटाचा नंबर होता, कागदावरचा पाय भरला साडेसव्वीस सेंटीमीटर, म्हणजे आमच्या आठ नंबरला बरोबर. कोल्हापुरीचं चामडं वापरून सैल होतं, सुरुवातीला जरा आवळच लागते. बुटाच्या नंबरानं नऊ दिली असती तर महिनाभरात टाच मागं सुटून फटफट वाजली असती आणि लोकांनी आमच्या मालाला नावं ठेवली असती. आणि दुसरा जोड मामांचा नव्हताच, पोराचा होता, त्याचं माप वेगळं! विचारलं नसतं तर?

रंगाचं पण तसंच. तेल लावलेली चप्पल आज फिकट दिसते, वापरून गडद होत जाते. चेरी रंगाची पावसात भिजली तर पायाला लाल लागू शकते. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवून हे कसं कळणार? आधी सांगितलेलं बरं की नाही?

बरं, एकेक प्रश्न तासातासानं विचारणारे दुकानदार असतात, त्यांचा वैताग येतो, मान्य. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांनी व्हॉइस नोट टाकावी, चालतंय की.

पत्त्यावर मात्र मी हटणार नाही. मामांनी आधी नुसतं गावाचं नाव दिलेलं. आमच्या इकडं बेळगाव जिल्ह्याचे पिनकोड ५९ नं सुरू होतात, नदी-नाला ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात गेलं की ४१६. एका नावाची दोन गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना असतील तर कुरिअरवाल्यानं कुणाला विचारायचं? पार्सल फिरून परत आलं तर दोन्ही वेळचं भाडं आमच्या खिशातून.

त्या ताईंचं नंतर आलं बरं का, कागदावर काढलेल्या दोन पायांचा फोटो, एक मोठा एक लहान. राग तिथंच गेला. लहान पाय लेकीचा, तेविसाच्या आतबाहेर, तिची साईज आमच्याकडं तयार नाही, अथणीहून करून आणायला सांगितलीय. पिनकोड तेवढा राहिलाय, तो परत विचारलाय.