घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, तीच खरी बचत

बचतीच्या पोस्ट वाचल्या की मला राग येतो. अंघोळ गार पाण्याने करा, पंखा एकने कमी करा, टीव्ही कमी बघा. हे सगळं मीही करून पाहिलंय. आठ दिवस टिकतं आणि नवव्या दिवशी घरात भांडण. म्हणून गेल्या वर्षी मी उलटा नियम केला: जे काही बदलायचं ते घरात कुणाला न सांगता बदलायचं. महिनाभरात कुणी 'हे असं का झालं?' म्हणून विचारलं, तर तो बदल रद्द. नाही विचारलं, तर पक्का.

आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी लेक.

सुरुवात विजेच्या मीटरपासून केली. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. तो उगाच नसतो. मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झालं. त्यामुळे दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजलं की घरात त्या क्षणी किती वॅट जातायत ते कळतं. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागायचं आणि मग सेकंदांनी. ३२०० वाल्या मीटरला हिशेब सोपा आहे: ११२५ भागिले सेकंद. काही मीटरवर दोन दिवे असतात, त्यातला kWh लिहिलेलाच धरायचा.

एका दुपारी सगळे बाहेर होते. दिवे, पंखे, गिझर, सगळं बंद केलं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभी राहिले. दिवा दर साडेचार सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे २५० वॅट. 'सगळं बंद' असलेल्या घरात! फ्रिजचा प्लग काढला तर अंतर नऊ सेकंदांवर गेलं. म्हणजे फ्रिजचे १२५ वॅट, पण तो चोवीस तास तेवढे खात नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. (इथेच बरेच जण फसतात. फ्रिज मध्येच बंद झाला की वाटतं आपण बटण दाबल्यामुळे आकडा उतरला. म्हणून मोजताना आधी फ्रिज बाजूला काढायचा, आणि नंतर न विसरता परत लावायचा. मी एकदा विसरले होते, असो.)

उरले १२५ वॅट. हे मात्र अखंड चालू होते. चोवीस तासांचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. यातून आम्हाला मिळत काय होतं? टीव्हीच्या कोपऱ्यातलं एक्स्टेंशन बंद केलं, लुकलुक पंधरा सेकंदांवर गेली. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि लाल दिवा लावून बसलेली स्पीकर सिस्टीम मिळून ५० वॅट. मग लेकीच्या टेबलाचा बोर्ड बंद केला, अठ्ठावीस सेकंद. तिचा डेस्कटॉप 'झोपेत'ही मॉनिटर आणि स्पीकरसकट ३५ वॅट ओढत होता. राहिलेल्या चाळिसात दहा राउटरचे, आणि बाकीचे तीस एका जुन्या यूपीएसचे. त्याची बॅटरी मेलेली होती, वीज गेली की तो पाच सेकंदही टिकत नव्हता. पण ती मेलेली बॅटरी चार्ज करत बसायचा! तो काढला आणि राउटर थेट प्लगला लावला. मग दिवा जवळजवळ दोन मिनिटांनी एकदा लुकलुकायला लागला. मीटरसमोर उभं राहून इतका आनंद झाल्याचं मला आठवत नाही.

टीव्हीला आणि लेकीच्या टेबलाला बटणवालं एक्स्टेंशन हाताशी येईल असं बसवलं. वापर असेल तेवढे चारेक तास चालू, एरवी बंद.

मग गिझर. आमचा ५० लिटरचा टाकीवाला, जुना, आणि दिवसभर चालूच. 'सारखा बंद-चालू केला तर जास्त वीज लागते' हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. ते चूक आहे. पाणी जितकं जास्त वेळ गरम उभं राहील तितकी उष्णता टाकीतून बाहेर जाते. थंड होत जाणारी टाकी कमी गमावते, कारण तिच्यात आणि बाहेरच्या हवेत फरकच कमी उरतो. आम्ही दोन दिवस बाहेर गेलो तेव्हा फ्रिज रिकामा करून बंद केला, गिझर मुद्दाम चालू ठेवला आणि जाण्याआधी व आल्यावर रीडिंग घेतलं. राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे वजा करून दिवसाला १.२ युनिट, एक बादलीही न वापरता. आता टायमर लावलाय, अंघोळीच्या वेळेआधी तासभर. पंचवीस अंशांचं ५० लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला दोन युनिट लागतात आणि दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी एक तास पुरतो. ते दोन युनिट वाचत नाहीत, हेही सांगते. वाचते ती फक्त उभ्या पाण्याची गळती. आणि थर्मोस्टॅट साठच्या खाली नेऊ नका. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात.

किराण्याचं वेगळंच निघालं. मी चार आठवडे फक्त टाकलेल्या गोष्टींची वही ठेवली. मला वाटत होतं उरलेलं शिजवलेलं अन्न जास्त जात असेल. तसं नव्हतं. जात होते ते ऑफरमध्ये घेतलेले मोठे पुडे, अर्धे वापरून मऊ पडलेले किंवा वास लागलेले. हिशेब साधा आहे: मोठा पुडा किलोमागे वीस टक्के स्वस्त असेल आणि त्यातला पाचवा भाग टाकावा लागला, तर तुम्ही छोट्या पुड्याचीच किंमत मोजलीत. वर जागा अडवली ती वेगळीच. आता आम्ही महिनाभरात नक्की संपतं तेच मोठं घेतो, बाकी सगळं छोटं. ताटात काहीच बदललं नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. नवऱ्याला एवढंच जाणवलं की कपाटाचं दार आता नीट लागतं.

फोनचं थोडक्यात. चौघांचे चार प्लॅन, आणि सगळ्यात महागडा होता सगळ्यात कमी डेटा वापरणाऱ्याचा, म्हणजे माझा. दिवसभर वायफायवर असते मी. सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाचा आकडा दिसतो. चार महिन्यांचे आकडे घ्या आणि सरासरी नको, सगळ्यात जास्त वापराच्या महिन्याला पुरेल असा प्लॅन निवडा. सरासरीवर घेतलात तर प्रवासाच्या महिन्यात अडकता आणि वरून जादा पॅक घेता. आणि २८ दिवसांचा रिचार्ज 'महिन्याचा' म्हणून धरू नका. वर्षात तो तेरा वेळा करावा लागतो.

लेकीला टेबलाचं बटण अजून कळलेलं नाही. तिला वाटतं कॉम्प्युटर आता नीट बंद होतो. गिझरचा पत्ता कुणालाच नाही. एकच बदल आपटला. तिसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, टीव्ही लावला की चित्र यायला इतका वेळ का लागतो हल्ली? निम्मी मालिका निघून जाते." सेट-टॉप बॉक्सला पूर्ण बंद करून परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत होती. त्याच संध्याकाळी तो वेगळ्या प्लगला लावला. पंधरा वॅट, चोवीस तास, महिन्याचे अकरा युनिट. ते चालू आहेत.