‘भाषासौंदर्या’चे दोन गुण: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “म्हणी आणि वाक्प्रचार हे मराठीचे वैभव आहे. भाषेच्या परीक्षेत भाषेच्या श्रीमंतीला गुण द्यायचे नाहीत, तर कशाला द्यायचे? उद्या तुम्ही शुद्धलेखनालाही पक्षपात म्हणाल. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत त्याने ती शाळेत वाचावीत. निकष खाली आणण्यात त्याचेच नुकसान आहे.” – एक मराठी शिक्षिका

आदरणीय बाई,

निबंधाच्या गुणदान तक्त्यातील ‘भाषासौंदर्या’च्या दोन गुणांत पक्षपात होतो, या माझ्या म्हणण्यावर आपली ही प्रतिक्रिया आहे. सुरुवात शुद्धलेखनापासून करतो, कारण आपण घेतलेल्या उदाहरणातच फरक स्पष्ट दिसतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम छापील आहेत, ते वर्गात शिकवले जातात, आणि एखाद्या शब्दाचा गुण कापला तर कोणत्या नियमामुळे कापला हे मुलाला दाखवता येते. ‘पानी’ बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ‘पाणी’ लिहायला अधिक कष्ट पडतात हे खरे असले, तरी काय शिकायचे आहे हे त्याला आधी कळलेले असते. वाक्प्रचारांची अशी बंद यादी नाही. पाठाखालच्या स्वाध्यायात आलेले दहा-पंधरा वाक्प्रचार विचारणे सर्वस्वी न्याय्य आहे, आणि त्यासाठी व्याकरणविभागात स्वतंत्र प्रश्न असतोच. त्या प्रश्नाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो निबंधाच्या गुणदान तक्त्यातील ‘भाषासौंदर्य: म्हणी, वाक्प्रचार, अलंकार यांचा वापर’ या ओळीला, जिथे न शिकवलेल्या साठ्याला गुण मिळतात आणि तो साठा कुठून आला हे कोणी विचारत नाही.

‘सव्यापसव्य करणे’ हा प्रयोग घ्या. जानवे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेण्याच्या श्राद्धविधीतून तो आला आहे. ज्या घरात तो विधी होतो, किंवा ज्या घरात वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचला जातो, तिथल्या मुलाच्या कानावर तो आपोआप पडतो. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरातील, किंवा भिवंडीत उर्दू बोलणाऱ्या घरातील नववीच्या मुलीने तो निबंधात वापरला नाही, तर तिच्या लेखनकौशल्याविषयी आपल्याला नेमके काय कळले? माझ्या मते काहीच नाही.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. विषय ‘अतिवृष्टीचा एक दिवस’, एकूण गुण 10: आशय 3, मुद्द्यांचा क्रम 3, भाषासौंदर्य 2, शुद्धलेखन 2. पुढील दोन्ही उतारे मी नमुन्यादाखल रचले आहेत, पण अशा वह्या आपण पुष्कळ तपासल्या असतील.

पहिला: “आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले आणि मुसळधार पाऊस कोसळू लागला. गावकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सर्वत्र हाहाकार माजला.”

दुसरा: “पाऊस इतका होता की समोरच्या घराची कौले दिसेनात. बाबा सारखे नाल्याकडे जाऊन येत आणि परत आल्यावर काही बोलत नसत. पाणी उंबऱ्यावर आले तेव्हा आईचे हातपाय फुलले.”

तक्ता शब्दशः लावला तर पहिल्याला भाषासौंदर्याचे 2 गुण आहेत आणि दुसऱ्याला शून्य. एवढ्यावरच हे थांबत नाही. ‘हातपाय फुलले’ हा हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरातला वाक्प्रचार आहे, मराठीत आपण ‘हातपाय गळाले’ म्हणतो. म्हणून परीक्षक त्याखाली लाल रेघ मारतो आणि शुद्धलेखनाचाही अर्धा गुण कापतो. एकाच कारणासाठी दोन ओळींत मार बसणे ही तक्ता सदोष असल्याची ठळक खूण आहे. मराठी रूढी सांगण्यासाठी समासात ‘गळाले’ जरूर लिहावे, पण ती शुद्धलेखनाची चूक नव्हे. शिवाय या मुलीकडे वाक्प्रचार नव्हता असेही नाही. तो फक्त तक्ता बनवणाऱ्यांच्या घरातला नव्हता. आणि बाबांच्या न बोलण्यातून भीती दाखवणारे तिचे वाक्य, ज्यासाठी कथालेखकाला दाद मिळते, त्याला तक्त्यात जागाच नाही.

असा पक्षपात ओळखायचा कसा? मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत साधी आहे. परीक्षकांनी भाषासौंदर्याचा गुण ज्या शब्दांसाठी दिला, त्यांखाली पेन्सिलने रेघ मारावी. पन्नासेक वह्यांतील रेघा एकत्र पाहिल्या की तक्त्यावर काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात कशाला गुण जातात ते कळते. त्याच त्या ठरावीक वाक्प्रचारांखाली रेघा सापडल्या, तर ती ओळ पाठांतराचा साठा मोजत आहे. मग त्या प्रत्येक प्रयोगाबद्दल विचारावे: हा आपल्या पाठ्यपुस्तकात किंवा वर्गात आला होता का? नसेल, तर मुलाला तो कुठे भेटला असेल?

दुसरी तपासणी आकड्यांची आहे. उरलेल्या तीन ओळींत मिळून ज्यांना 8 पैकी सारखेच गुण आहेत, उदाहरणार्थ 6, अशा वह्या एकत्र काढाव्यात आणि घरची भाषा मराठी असलेल्या व नसलेल्या मुलांचे भाषासौंदर्याचे गुण ताडून पाहावेत. इतर बाबतींत बरोबरीची असलेली मुले याच एका ओळीत सातत्याने दुभंगत असतील, तर संशयाला जागा आहे. मात्र एका वर्गाच्या चाळीस वह्यांत असे गट फार लहान पडतात, म्हणून दोन-तीन वर्षांच्या वह्या जमवाव्या लागतात. फरक दिसला म्हणजे पक्षपात सिद्ध झाला असेही नाही. त्या ओळीत खरोखर शिकवलेले कौशल्य मोजले जात असेल, तर तो फरक अध्यापनातील उणिवेचा असू शकतो. म्हणून आकडा पाहून पुन्हा वह्याच वाचाव्या लागतात.

ओळ कशी बदलावी याविषयी माझा प्रस्ताव असा: ‘शब्दयोजना: प्रसंग, व्यक्ती किंवा भावना वाचकाला स्पष्ट दिसेल अशा नेमक्या शब्दांची निवड; त्यासाठी वाक्प्रचार, उपमा, साधे वर्णन, बोलीतील शब्द यांपैकी कोणतेही साधन चालेल.’ पण केवळ शब्द बदलून भागत नाही, हे अनुभवी परीक्षकांना ठाऊक आहे. परीक्षक तक्ता एकदा वाचतात आणि नंतर नमुना-उत्तरे डोळ्यांसमोर ठेवून गुण देतात. नमुना-उत्तरे पूर्वीचीच राहिली, तर ‘नेमके’चा अर्थ लवकरच ‘संस्कृतप्रचुर’ असा होऊ लागतो, आणि हा पक्षपात आधीच्यापेक्षा पकडायला अवघड असतो. म्हणून पूर्ण गुणांच्या नमुन्यांत एक वाक्प्रचारांनी सजलेला, एक अगदी साध्या शब्दांतला आणि एक बोलीची छटा असलेला असे तीन निबंध असावेत, आणि प्रत्येकाखाली तो पूर्ण गुणांना का पात्र आहे याची दोन वाक्ये असावीत.

निकष खाली येण्याची आपली भीती या तक्त्यावर ताडून पाहा. वरच्या पहिल्या उताऱ्यात ‘तोंडचे पाणी पळाले’ हा प्रयोग योग्य ठिकाणी आहे, परंतु ‘काळेकुट्ट ढग’ आणि ‘हाहाकार’ कोणत्याही पावसाच्या निबंधात जसेच्या तसे बसतील. नव्या ओळीत मी त्याला 1 गुण देईन आणि दुसऱ्याला 2. दर परीक्षेला मार्गदर्शकातील तेच परिच्छेद उतरवून पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलांना हा तक्ता अधिक कडक वाटेल, आणि त्यांच्या पालकांच्या तक्रारीही येतील.