डिपॉझिटची नोटीस आणि परत आलेलं पाकीट

घर सोडून चार महिने झाले तरी मालक साठ हजारांचं डिपॉझिट देत नव्हते. पहिलं पत्र मी कुरिअरने पाठवलं. कुरिअरच्या वेबसाइटवर 'डिलिव्हर्ड' आलं, पण सहीच्या जागी नुसती एक रेघ होती. मालक म्हणाले, "मला काही मिळालंच नाही." ती रेघ कुणाची, हे मी कसं सिद्ध करणार होतो?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वादाचं पत्र पोस्टानेच पाठवा, तेही नोंदणी करून. जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ च्या कलम २७ नुसार, कायद्याने टपालाने पाठवायला सांगितलेलं पत्र बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं की उलट काही सिद्ध होईपर्यंत ते पोहोचलं असंच धरलं जातं. कुरिअरला हा आधार नाही. तिथे पोहोच तुम्हालाच सिद्ध करावी लागते.

एक बदल मात्र लक्षात ठेवा. २०२५ मध्ये जुनं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. त्यामुळे काउंटरवर नुसतं "स्पीड पोस्ट" न म्हणता नोंदणीची सेवा जोडून मागा. ती पावतीवर आली का, ते तिथेच वाचा.

माझं दुसरं पत्र असंच गेलं. पत्ता भाडेकरारात होता तोच, पिनकोडसकट. आठ दिवसांनी पाकीट परत आलं, त्यावर पोस्टमनचा शेरा होता, 'घेण्यास नकार'. मी हिरमुसलो, पण वकीलताई म्हणाल्या, "उघडू नका! हाच तुमचा पुरावा." बरोबर पत्त्यावर गेलेलं पत्र घ्यायला नकार दिला, तर ते बजावलं गेलं असंच न्यायालयं सहसा मानतात. ते बंद पाकीट आजही माझ्या फाइलमध्ये आहे. पत्त्यात चूक असती तर मात्र सगळंच फसलं असतं. पावतीची शाई उडते, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढली. ट्रॅकिंगचं पानही छापून ठेवलं, कारण ते वेबसाइटवर कायम राहत नाही.

आता ईमेल. एकट्या ईमेलवर मी विसंबणार नाही. न्यायालयात तो मांडायला २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि तो पत्ता त्यांचाच आहे हेही दाखवावं लागतं. करारात ईमेल पत्ता लिहिलेला असेल तर बाजू बरीच भक्कम होते. माझ्या करारात होता.

पोस्टात एक कमजोरी आहे. पाकीट पोहोचल्याचं सिद्ध होतं, पण आत काय होतं ते नाही. "आत कोरा कागद होता" असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून पोस्टातून बाहेर पडल्या पडल्या मी त्याच सही केलेल्या पत्राची पीडीएफ ईमेल केली आणि मजकुरात पोस्टाच्या पावतीचा क्रमांक लिहिला. 'सेंट'मधला तो ईमेल मी अजून डिलीट केलेला नाही.