केसरी म्हणजे #FF9933 नव्हे

"आपल्या पारंपरिक रंगांचे अचूक कोड! केसरी #FF9933 (तिरंग्यातला अधिकृत), हळदी #FFC30B, मेंदी #5E6B1E. आता रंगाऱ्याला नमुना द्यायची गरज नाही. कोड पाठवा, तंतोतंत तोच रंग मिळेल."

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं काढतो. दिवसभर समोर स्क्रीन आणि हाताशी सुताच्या लडी. मागे एका व्यापाऱ्याने केसरी काठाच्या चादरींची ऑर्डर दिली आणि रंगासाठी फक्त #FF9933 एवढंच पाठवलं. रंगाऱ्याने मोबाइलवर कोड उघडून त्याच्याशी सूत जुळवलं. चादरी विणून झाल्यावर व्यापारी म्हणाला, हा तर संत्र्याचा रंग, मला झेंड्यातला केसरी हवा होता. चूक ना त्याची होती ना रंगाऱ्याची. म्हणून वर दिलेल्या मेसेजला नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी "अधिकृत" या शब्दाचं बघू. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने झेंड्याचा ठराव केला, त्यात रंग लिहिलाय तो गडद केसरी. पुढे झेंड्याच्या कापडासाठी आयएस १ हे भारतीय मानक आलं आणि १९६८ साली त्यात सुधारणा झाली. त्या काळी #FF9933 सारखे स्क्रीनचे हेक्स कोड कुठून असणार? मानकात केसरीसाठी आकडे आहेत ०.५३८, ०.३६० आणि २१.५. पहिले दोन छटा सांगतात, तिसरा उजळपणा सांगतो. म्हणजे अगदी परिपूर्ण पांढऱ्याला १०० धरलं, तर हा केसरी २१.५ इतका प्रकाश परत देतो.

हेच गणित #FF9933 वर उलटं चालवून बघा. छटेचे आकडे येतात साधारण ०.५०० आणि ०.४१६, उजळपणा ४४. म्हणजे स्क्रीनवरचा हा "अधिकृत" केसरी कापडाच्या केसरीपेक्षा दुप्पट उजळ आहे आणि पिवळ्याकडे बराच सरकलेला आहे. मग मानकातले आकडे सरळ स्क्रीनच्या एसआरजीबी पद्धतीत बदलले तर काय येतं?

```
मानकातले आकडे जसेच्या तसे:         #D75737
झेंड्याचा पांढरा = स्क्रीनचा पांढरा:   #F86541
प्रचलित कोड:                         #FF9933
```

मधली ओळ का लागते तेही सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. त्याच मानकात झेंड्याचा पांढरा ७२.६ उजळ आहे, १०० नाही. खादी कितीही धुतली तरी ती स्क्रीनसारखी झगझगीत होत नाही. आपण झेंडा बघतो तेव्हा केसरी पट्टा शेजारच्या पांढऱ्या पट्ट्याच्या तुलनेत बघतो. त्या पांढऱ्याला स्क्रीनचा #FFFFFF मानलं, तर बाकी सगळे रंगही त्याच प्रमाणात उजळावे लागतात आणि केसरी #F86541 वर येतो. कोडमधली मधली जोडी हिरव्याची असते आणि ती सोळा अंकांच्या मोजणीत लिहितात. आपल्या नेहमीच्या आकड्यांत #FF9933 मध्ये हिरवा १५३ आहे, #F86541 मध्ये १०१. हिरवा एवढा वाढला की लाल पिवळ्याकडे झुकतो. आमच्या ऑर्डरीतलं संत्रं तिथूनच आलं. (मानकाचा प्रकाश आणि स्क्रीनचा प्रकाश यांत थोडा फरक आहे, त्याने शेवटच्या आकड्यांत उन्नीस-बीस होईल, एवढंच.)

एकाच मानकातून दोन कोड निघाले आणि दोन्ही बरोबर आहेत. पांढरा कोणता धरला हे सांगितल्याशिवाय कोडला अर्थ येत नाही.

आणि ज्याच्यावरून नाव पडलं ते केशर? काडी गडद लाल असते, दुधात टाकली की दूध पिवळं होतं. आपल्या भाषेने केसरी, भगवा, शेंदरी, नारंगी असे वेगळे शब्द ठेवलेत आणि आमच्या बाजारात लोक आजही ते वेगळेच मागतात.

हळदीचं प्रकरण तर घरच्या घरी तपासता येतं. पांढऱ्या सुती चिंधीवर ओल्या हळदीचा डाग पाडा, वाळू द्या आणि त्यावर कपड्याचा साबण फिरवा. डाग डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागली की रंग बदलतं; हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणावर. उन्हात हाच डाग विटतो. आता या चिंधीवरच्या कोणत्या क्षणाला #FFC30B म्हणायचं? चादरीतलं "हळदी" सूत मुळात हळदीने रंगवत नाहीत, ते तयार रंगांनीच रंगवतात आणि प्रत्येक रंगाऱ्याची हळदी आपापली असते. कुणाची लिंबाकडे जाते, कुणाची झेंडूकडे.

मेंदीत घोटाळा नावातच आहे. कापड दुकानात "मेंदी कलर" मागितला की पाल्याच्या पुडीसारखा मळकट हिरवा निघतो. लग्नघरात मेंदीचा रंग कसा चढला असं विचारतात तेव्हा हातावरचा विचारतात आणि तो आधी नारिंगी असतो, मग दिवस-दोन दिवसांत गडद तपकिरी-लाल होतो. पाल्यातलं लॉसोन त्वचेला धरतं आणि हळूहळू गडद होतं. मेसेजमधला कोड हिरव्याचा आहे. परगावच्या, वेगळ्या भाषेच्या व्यापाऱ्याला नुसतं "मेंदी" लिहून पाठवलं, तर तपकिरी माल येऊन पडू शकतो.

नमुना नको हे म्हणणं मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यात पैसे बुडतात. कोड स्क्रीनला सांगतो की लाल, हिरवा, निळा प्रकाश किती सोडायचा. सूत प्रकाश सोडत नाही, पडलेला परत फेकतं. तोच कोड माझ्या दोन मोबाइलवर दोन तऱ्हेचा दिसतो. एकावर रंग भडक करणारी सेटिंग चालू असते, दुसऱ्यावर रात्रीचा पिवळा प्रकाश. ओली लड वाळलेल्या लडीपेक्षा गडद दिसते. टॉवेलच्या लुपांमध्ये सावली धरते, त्यामुळे तेच सूत सपाट चादरीत उजळ आणि टॉवेलमध्ये गडद वाटतं. शिवाय दुकानातल्या ट्यूबखाली अगदी जुळलेले दोन तुकडे बाहेर उन्हात फसतात, कारण दोघांतले रंग वेगळे मिसळलेले असतात.

म्हणून आम्ही सूत पुठ्ठ्यावर घट्ट, दोन-तीन थर गुंडाळतो, पुठ्ठा अजिबात दिसता कामा नये. रंगारी छोटा घाणा करून नमुना देतो. तो पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात उत्तरेकडच्या खिडकीशी बघतो आणि मग ट्यूबखाली. मोठ्या कारखान्यात यंत्रावर मोजून L*a*b* आकडे घेतात, म्हणजे उजळपणा आणि छटा सांगणारे तीन आकडे. त्या मोजमापात दोन तुकड्यांतला फरक एकाच्या आत असला तर साध्या डोळ्याला तो जाणवणं अवघड असतं.

कोड टाकून द्या असं मी म्हणत नाही. वेबसाइटवर, कॅटलॉगमध्ये तो हवाच. त्या चादरींनंतर माझी ऑर्डरची चिठ्ठी अशी असते: "काठ केसरी, सोबतच्या पुठ्ठ्याप्रमाणे, वाळवून, दिवसाच्या उजेडात जुळवणे. हा झेंड्याकडचा केसरी आहे, नारंगी नको. कॅटलॉगच्या फोटोसाठी फक्त: #F86541."