अडीच वर्षं कुठे होतात?

"सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून नोकरी सोडली, त्याला अडीच वर्षं झाली. आता लिंक्डइनवर ते लिहू, की जुनीच नोकरी चालू दाखवू?" (पुणे)

जुनी नोकरी आधी बंद करा. रिलिव्हिंग लेटरवर जून २०२२ असेल, तर प्रोफाइलवरही जून २०२२च हवं. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कंपनी सोडल्याची तारीख असते आणि पडताळणीवाले ती बघतात. अडीच वर्षांच्या खंडापेक्षा न जुळणारी तारीखच जास्त महागात पडते.

मग `Add profile section` मधून `Add career break` उघडा. ही सोय २०२२ पासून आहे. प्रकारांत `Caregiving` निवडा. `Full-time parenting` वेगळा आहे, तो मुलांसाठी. जतन करण्याआधी `Notify network` बंद आहे ना, ते बघा, नाहीतर नातेवाइकांपासून जुन्या साहेबांपर्यंत सगळ्यांना वर्दी जाते.

वर्णन दोन-तीन ओळींचं पुरे: "जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ घरातील ज्येष्ठ व्यक्तीची पूर्णवेळ काळजी घेतली. ही जबाबदारी आता संपली आहे. मागील चार महिन्यांत पॉवर बीआयचा सराव केला." दुसरं वाक्य गाळू नका, कारण समोरच्याची खरी शंका तीच असते. आजाराचं नाव मात्र नको, ते सासूबाईंचं खासगी आहे. शिवाय "वेळेचं व्यवस्थापन शिकले" हे लिहू नका, सगळेच लिहितात.

इथे ब्रिटनमधल्या आमच्या मराठी मंडळींत यावर दोन तट आहेत. एक काका म्हणतात, "फ्रीलान्स कन्सल्टंट लिहून टाका." अर्धं बरोबर आहे: खरंच काम केलं असेल तर बिलं असतात, क्लायंटनं टीडीएस कापला असेल तर २६एएसमध्ये नोंद दिसते. नुसता शब्द असेल, तर मुलाखतीत क्लायंट विचारल्यावर पंचाईत. एकीनं आपल्या बाळंतपणाच्या रजेचं उदाहरण दिलं, पण ती रजा होती, नोकरी सुटली नव्हती. तिथे खंड लिहायचंच कारण नाही.

काळजी घेणाऱ्याला इथे 'केअरर' असं सरळ नाव आहे, आणि एप्रिल २०२४ पासून इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये नोकरदार केअररना वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजेचा हक्क आहे. आपल्याकडे 'सुनेचं कर्तव्य' म्हटलं की पुढे बोलणंच खुंटतं, म्हणून लिहायला संकोच वाटतो. पण इथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही नाही. सुरक्षा क्षेत्रात पाच वर्षांचा हिशेब मागतात आणि महिन्याभराहून मोठा खंड असला तर त्याला पुरावा लागतो.

उघड लिहिल्यानं काही ठिकाणी अर्ज पहिल्याच चाळणीत जातो का? काका म्हणतात जातो. मला वाटतं, तसं होत असावंही. पण मोकळ्या जागेचा अंदाज तरी कोण आपल्या बाजूनं बांधतो?